लाल दिवा लागला, आता फोनवर नेमकं काय सांगायचं?

रोडसाइड असिस्टन्सला फोन लागला की पलीकडच्या माणसाला दोन-चार मिनिटांत काही गोष्टी ठरवायच्या असतात. दुचाकीवरचा मेकॅनिक पाठवून भागेल की टोइंगची गाडीच लागेल, त्याच्यासोबत काय सामान द्यायचं, आणि ती मदत पोहोचेपर्यंत तुम्हाला गाडी थोडी पुढे नेऊ द्यायची की जागेवरून हलवूच द्यायची नाही. त्याला तुमची गाडी दिसत नाही, तिचा आवाज ऐकू येत नाही, वास येत नाही. बऱ्याचदा तो महाराष्ट्रातही बसलेला नसतो, त्यामुळे 'खंबाटकीत अडकलोय' एवढ्याने त्याला काही उमगत नाही. तुम्ही जे सांगाल त्यावरच त्याचे सगळे निर्णय होतात.

उदाहरण खंबाटकीचंच घेऊ, कारण उन्हाळ्यात घाट चढताना गाड्या तापणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. मे महिना, जोडून आलेली सुट्टी, पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली पेट्रोल हॅचबॅक. आत पाच माणसं, डिकी भरलेली, एसी पूर्ण सोडलेला. चढावर रांग लागलेली, पहिला-दुसरा गिअर, दहा पावलं पुढे आणि पुन्हा ब्रेक. अशात मीटरवर लाल दिवा लागतो. फोनवर पहिलं वाक्य साधारण असं असतं: "अहो, गाडी गरम झालीय, लाल लाईट लागलीय, लवकर कोणाला तरी पाठवा."

यात खोटं काही नाही, पण ऑपरेटरच्या कामाचंही फारसं काही नाही. लाल दिवे मीटरवर बरेच असतात. तेलाच्या झारीचा, बॅटरीचा, ब्रेकचा आणि थर्मामीटरचा, असे चार तरी बहुतेक गाड्यांत सापडतात, आणि चौघांची वागणूक वेगळी. म्हणून सांगताना रंग, आकार आणि तो स्थिर आहे की लुकलुकतोय, या तिन्ही गोष्टी सांगायच्या. नाव माहीत नसलं तरी चालतं. "लाटांवर तरंगणाऱ्या थर्मामीटरसारखं चिन्ह, लाल, स्थिर" असं सांगितलं की समोरच्याला लगेच कळतं. हेच चिन्ह निळ्या रंगात दिसलं तर घाबरायचं कारण नाही. अनेक गाड्यांत सकाळी इंजिन थंड असताना तो निळा दिवा लागतो आणि थोडी गाडी चालली की जातो.

दिव्याचा फोटो काढायचा असेल तर गाडी बंद करण्याआधी काढा, अर्थात गाडी बाजूला थांबवून. इथे एक घोळ फार होतो. माणूस गाडी बंद करतो, फोन लावतो, ऑपरेटर विचारतो "कुठला दिवा आहे?" मग तो पुन्हा चावी फिरवतो, इंजिन सुरू न करता, आणि मीटरवर एकदम आठ-दहा दिवे झळकतात. "सगळेच दिवे लागलेत हो!" प्रत्यक्षात चावी फिरवल्यावर गाडी स्वतःच सगळे दिवे एकदा लावून तपासते. त्यातले बरेच काही सेकंदांत जातात, आणि तेलाचा व बॅटरीचा दिवा इंजिन सुरू होईपर्यंत लागलेलाच राहतो. त्यामुळे चालता चालता गाडी बंद पडली आणि नंतर तेल-बॅटरीचे दिवे दिसले, तर ते फक्त इंजिन बंद असल्याचं सांगत असतात. गाडी बंद पडायच्या आधी कुठला दिवा लागला होता, हे खरं महत्त्वाचं. आधी काहीच लागलं नव्हतं, तर तेही सांगा.

आता गाडीची वागणूक. तापलेल्या गाडीबद्दल ऑपरेटरला किंवा त्याच्या मागे बसलेल्या तांत्रिक माणसाला चार गोष्टी कळल्या की अर्धं निदान फोनवरच होतं. त्यासाठी आधी गाडी डाव्या कडेला घ्या, हॅझर्ड दिवे लावा, हँडब्रेक ओढा, एसी बंद करा. माणसं गाडीत बसवून ठेवू नका, खाली उतरवून कठड्याच्या आतल्या बाजूला उभी करा. चढावर चाकामागे दगड लावावा, आणि निघताना तो उचलून बाजूला टाकावा. घाटात रस्त्याच्या मधोमध असे दगड सोडून जाणाऱ्यांबद्दल काय बोलायचं ते इथे लिहिता येत नाही.

पहिली गोष्ट वाफेची. बॉनेटच्या फटीतून वाफ येत असेल तर इंजिन लगेच बंद करायचं आणि बॉनेट उघडायचं नाही. वाफ अजिबात नसेल तर उलट इंजिन काही वेळ जागेवर सुरू ठेवलेलं बरं, कारण त्यामुळे इंजिनाला थंड ठेवणारा द्रव, म्हणजे कूलंट, फिरत राहतो आणि पंखा हवा ओढत राहतो. मिनिट-दोन मिनिटांत दिवा गेला नाही, तर मात्र बंद.

दुसरी गोष्ट त्याच वेळात पाहायची: रेडिएटरचा पंखा फिरतोय का? इंजिन इतकं तापलेलं असताना पंख्याचा मोठा घोंघाट ऐकू यायलाच हवा. गाडी वेगात असते तेव्हा समोरून येणारी हवा रेडिएटर थंड करते, पण रांगेत सगळा भार या एकट्या पंख्यावर येतो. म्हणून ज्या गाडीचा पंखा बिघडलेला असतो ती हायवेवर तासन्‌तास सुरळीत चालते आणि जॅममध्ये पाच मिनिटांत तापते. पंखा गप्प असेल तर फ्यूज, रिले, मोटर किंवा तापमानाचा सेन्सर यांपैकी काहीतरी गेलंय. "इंजिन सुरू आहे, दिवा लाल आहे, पण पंख्याचा आवाज नाही" हे वाक्य ऐकून चांगला ऑपरेटर मेकॅनिकला फ्यूज-रिले घेऊनच पाठवतो. पंख्याजवळ हात मात्र नेऊ नका. इंजिन बंद केल्यावरही तो आपोआप सुरू होऊ शकतो.

तिसरी गोष्ट हीटरची. भर उन्हाळ्यात हीटर लावायचा म्हणजे वेडेपणा वाटेल, पण हीटरला गरम करणारा कूलंट तोच असतो जो इंजिनात फिरतो. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर मोठा केला की इंजिनातली थोडी उष्णता आत खेचली जाते. खरा उपयोग यापुढचा आहे. इंजिन तापलेलं असूनही हीटरमधून गार हवा येत असेल, तर कूलंट तिथपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे तो गळून कमी झालाय किंवा फिरायचा थांबलाय. हे ऑपरेटरला आवर्जून सांगा, कारण अशी गाडी हलवायची नसते. ज्या गाड्यांत तापमानाचा काटा असतो त्यांच्यात आणखी एक चकवा आहे. काटा वर गेलेला असतो आणि अचानक खाली येतो, माणूस म्हणतो, "झालं थंड". पण कूलंट इतका कमी झालेला असू शकतो की सेन्सर त्यात बुडालेलाच नाही, तो नुसत्या हवेत आहे. काटा असा झपकन पडला तर "आधी वर होता, मग एकदम खाली आला" हे दोन्ही सांगायचं.

चौथी गोष्ट म्हणजे गाडीखाली काय सांडलंय. "पाणी गळतंय" हे वाक्य हेल्पलाइनवर सगळ्यात जास्त फसवतं. एसी चालू असलेल्या गाडीखाली स्वच्छ, बिनवासाचं पाणी ठिबकतंच. ते हवेतल्या दमटपणाचं असतं. कूलंट रंगीत असतो, हिरवा, गुलाबी, निळा किंवा केशरी. बोटांना तो किंचित तेलकट लागतो आणि त्याला गोडसर वास येतो. गरम थेंबाला हात लावू नका. पांढऱ्या टिश्यूवर टिपला तरी रंग दिसतो. बॉनेट उघडण्याजोगं असेल तर त्याची प्लास्टिकची टाकी बाहेरूनच पाहा. तिच्यावर मिन आणि मॅक्स अशा दोन खुणा असतात, आणि पातळी कुठे आहे ते झाकण न उघडता दिसतं.

झाकण उघडण्याचा मोह हा या प्रकरणातला सगळ्यात धोकादायक भाग. कूलंट दाबाखाली असतो, म्हणून तो 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. शिट्टी होणाऱ्या कुकरचं झाकण ओढून काढल्यासारखं होतं ते. दाब सुटला की सगळा कूलंट एका क्षणात उकळून चेहऱ्यावर आणि हातांवर येतो. निदान अर्धा-पाऊण तास थांबायचं, रेडिएटरचा वरचा रबरी होज जाड फडक्यातून दाबून मऊ लागतोय का पाहायचं, मगच फडकं धरून झाकण हळूहळू सोडायचं. गरम इंजिनावर बाटलीतलं गार पाणी ओतणंही नको, धातूला तडा जाऊ शकतो. इंजिन थंड झाल्यावर नाइलाजाने साधं पाणी घातलंच, तर किती घातलं ते मेकॅनिकला सांगा, म्हणजे तो ते काढून नीट कूलंट भरेल.

आता हेच सगळं जमवून दुसऱ्यांदा फोन केला तर तो असा होतो:

"एनएच 48 वर आहे, पुण्याहून साताऱ्याकडे जाताना, खंबाटकी घाटात, चढावर. डावीकडे कडेला उभे आहोत, लोकेशन पाठवतो, जवळच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडाही पाठवतो. गाडी पेट्रोल, मॅन्युअल गिअरची. लाल थर्मामीटरचा दिवा, स्थिर, जॅममध्ये दहा-पंधरा मिनिटं चढत असताना लागला. दिवा लागल्यावर गाडी जेमतेम शंभर मीटर चालवली. वाफ नाही. इंजिन दोन मिनिटं चालू ठेवलं, पंख्याचा आवाज आला नाही, दिवा गेला नाही, म्हणून बंद केली. टाकीतली पातळी मिनच्या वर आहे, खाली फक्त एसीचं पाणी आहे. पाच माणसं आहोत, त्यात एक आजी आहेत."

हे बोलायला मिनिटभर लागतं. दिशा सांगणं इथे फार महत्त्वाचं आहे, कारण या घाटात दोन बाजूंची वाहतूक वेगळ्या वाटेने जाते, आणि चुकीच्या बाजूने आलेल्या मेकॅनिकला वळून परत यायला पुष्कळ वेळ लागतो. 'दिवा लागल्यावर किती चालवली' याचं उत्तर अनेकजण कमी करून सांगतात, ओशाळल्यासारखं होतं म्हणून. ते खरंच सांगा. शंभर मीटर आणि सहा किलोमीटर यांत तपासणीचा सगळा क्रम बदलतो. सहा किलोमीटर चालवलेल्या गाडीला मेकॅनिक जागेवर सुरूच करून पाहणार नाही, आधी ऑइलची कांडी काढून ऑइल दुधाळ झालंय का ते बघेल. दुधाळ ऑइल म्हणजे कूलंट ऑइलमध्ये मिसळलं, इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, उडालं. अशी गाडी पुन्हा सुरू करणं म्हणजे दुरुस्तीचा खर्च वाढवणं. साध्या विमा पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरला जात नाही, त्यामुळे तो खर्च बहुधा खिशातूनच जातो.

मग येतो सगळ्यांचा प्रश्न: "घाट संपेपर्यंत नेऊ का?"

ऑपरेटर यावर सहसा 'हो' म्हणत नाही. त्याचं म्हणणं रेकॉर्ड होत असतं आणि त्याला गाडी दिसत नसते, त्यामुळे हे साहजिकच आहे. पण माहिती नीट मिळाली तर तो निदान 'अजिबात नको' आणि 'थांबून बघा' यांतला फरक सांगू शकतो. वरच्या उदाहरणात पंखाच बंद आहे, म्हणजे रांगेतून पुढे गेलात की पुन्हा तापणार. इथे उत्तर नको असंच आहे. पंखा चालू आहे, पातळी ठीक आहे, वाफ नाही आणि एसी बंद केल्यावर दिवा दोन मिनिटांत गेला, तर दोष बहुधा चढ, गर्दी आणि एसी या तिघांचा. अशा वेळी पूर्ण थंड होऊ देऊन, एसी न लावता, डोळा मीटरवर ठेवून वरच्या सपाट जागेपर्यंत जाता येतं, आणि दिवा पुन्हा दिसला की तिथेच थांबायचं. पातळी मिनच्या खाली, हीटरला गार हवा, वाफ किंवा पंखा बंद, यांतलं एक जरी असलं तरी गाडी हलवायची नाही. आजच्या इंजिनांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. ते जास्त तापलं की वाकतं, आणि वाकलेलं हेड रस्त्यावर दुरुस्त होत नाही.

घाटात एक शहाणपण नेहमी कोणीतरी सुचवतं: "आता उतारच आहे, इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये सोडू." हे कधीही करू नका. ब्रेकला मदत करणारा बूस्टर बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या जोरावर चालतो. इंजिन बंद असताना दोन-तीनदा ब्रेक दाबला की ती मदत संपते आणि पॅडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगची मदतही जाते, आणि चावी पूर्ण मागे फिरली तर स्टिअरिंग लॉक होतं.

बाकीच्या दिव्यांचं थोडक्यात, कारण 'चालवू का' याचं उत्तर दिव्यागणिक बदलतं. झारीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर उत्तर शून्य मीटर. तो ऑइलचा दाब पडल्याचं सांगतो, आणि दाबाशिवाय इंजिनातले भाग एकमेकांवर कोरडे घासतात. कडेला घ्या, लगेच बंद करा, मग फोन. फोनवर सांगायचं ते एवढंच की टकटक आवाज आला का, आणि अलीकडे गाडीचा तळ दगडाला किंवा स्पीडब्रेकरला घासला होता का. ऑइलचा चेंबर फुटलेला असू शकतो.

बॅटरीचा लाल दिवा चालताना लागला तर अल्टरनेटर चार्ज करत नाही, गाडी साठलेल्या विजेवर चाललीय. एसी, म्युझिक सिस्टीम बंद करून काही किलोमीटर सुरक्षित जागेपर्यंत जाता येतं, पण गाडी बंद केली तर पुन्हा सुरू होईलच असं नाही. रात्री हेडलाइट लावावेच लागतात, म्हणून तेवढं अंतरही मिळत नाही. बॅटरीच्या दिव्यासोबत स्टिअरिंग जड झालं किंवा तापमान वाढू लागलं, तर अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तुटलेला असण्याची शक्यता मोठी. काही इंजिनांत कूलंटचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो, मग गाडी लगेच थांबवायची. "बॅटरीचा दिवा आणि स्टिअरिंग जड" या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या की नवी बॅटरी घेऊन येणारा माणूस पट्टा घेऊन येतो.

इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर रस्त्यात मदत बोलावण्याची गरज नसते, एक-दोन दिवसांत स्कॅन करून घ्यावं. तोच दिवा लुकलुकत असेल, गाडी थरथरत असेल, तर सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग जळून जातो. ॲक्सिलरेटर हलका करून जवळच्या सुरक्षित जागी थांबा. याच्या अगदी उलट वागतो तो डीपीएफचा पिवळा दिवा, जो 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत दिसतो. काजळीच्या फिल्टरचं चिन्ह लागलं, गाडीची ताकद शाबूत आहे आणि दुसरा कुठलाही दिवा नाही, तर थांबण्यापेक्षा मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवत राहणं बरं. फिल्टर तापून स्वतः साफ होतो. किती वेळ आणि किती वेगाने, ते आपापल्या गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

गाडी सुरूच होत नसेल तर "स्टार्ट होत नाही" यावर थांबू नका. सेल मारल्यावर काय होतं ते सांगा. नुसती टकटक होते, सेल मंद फिरतो की जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही? पहिल्या दोन्हींत बहुधा बॅटरी, तिसऱ्यात पेट्रोलचा किंवा इग्निशनचा शोध. सेल मारल्यावर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडी चावीला ओळखत नाहीये, तेव्हा दुसरी चावी घरी आहे का हेही विचारलं जातं.

फोन ठेवण्याआधी टोइंगचं बोलून घ्या, मेकॅनिक येणार असला तरी. इलेक्ट्रिक, ऑटोमॅटिक किंवा चारही चाकांना ताकद देणारी गाडी असेल तर फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रकच, मागवावा, कारण ताकद मिळणारी चाकं जमिनीवर फिरत ठेवून ओढत नेली तर आतला गिअरबॉक्स किंवा मोटर खराब होऊ शकते. गाडी जमिनीपासून खूप खाली असेल, चाक जाम असेल किंवा बोगद्यात, पुलावर उभी असेल तर तेही सांगा. आपल्या योजनेत किती किलोमीटर टोइंग फुकट आहे आणि पुढचा दर काय, हे विचारा. माणसं टोइंगच्या गाडीत बसू शकतील का, हेही. बऱ्याचदा एक-दोघांपुरतीच जागा असते, आणि पाचजणांना साताऱ्यापर्यंत जायला वेगळी सोय करावी लागते. गाडी धोक्याच्या जागी अडकली असेल तर कंपनीच्या माणसाची वाट बघत बसू नका, राष्ट्रीय महामार्गावर 1033 आणि कुठेही 112 लावा. गाडी बाजूला घ्यायला आणि मागची वाहतूक आवरायला ती माणसं लागतात.

मदतीची वाट बघताना काही बदललं, दिवा गेला, वाफ सुरू झाली, कूलंट सांडायला लागला, तर पुन्हा फोन करून तेही कळवा. दिवा गेला म्हणून बोलावणं रद्द करण्याची घाई नको. पंखा न चालणारी गाडी अर्ध्या तासात थंड होऊन अगदी शहाण्यासारखी सुरू होते, आणि पुढच्या जॅममध्ये पुन्हा तिथेच येते.